व्याह्यांच्या बिलावरचं व्याज

व्याह्यांना व्याज लावलेली नाशिकमधली पहिली बाई मीच असणार, असं आमचे हे अजून सांगत सुटतात. ह्यांना सांगायला काय जातं? त्या दसऱ्याला माझ्यावर जो प्रसंग ओढवला होता, तो माझा मला माहीत.

सातपूरला माझा शिलाईचा गाळा आहे. सात बायका आणि मी. कारखान्यातल्या कामगारांचे एप्रन, गणवेश, बाह्यांची कव्हरं, असलं सगळं आम्ही शिवतो. अंबडमधल्या इलेक्ट्रिक पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्याचं काम माझ्याकडे बरीच वर्षं आहे. त्या कारखान्याचे मालक म्हणजे आजचे माझे व्याही. सोयरीक जुळली ती ह्या एप्रनांमुळेच. माप द्यायला, माल पोचवायला माझ्याबरोबर माझी मुलगी जायची. बी.कॉम. झालेली, हिशेबात पक्की, बोलायला गोड. मालकांच्या बायकोने तिला दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा आमच्या नाशिकरोडच्या घरी चहालाच आल्या. मुलगा चांगला, माणसं चांगली, आम्हाला आभाळ ठेंगणं झालं. लग्न झाल्यावर मुलगी सासऱ्यांच्याच ऑफिसात जाऊन बसू लागली.

आता गंमत ऐका. लग्नाआधी त्या कारखान्याचे पैसे महिन्याच्या आत यायचे. लग्न झालं आणि माझी बिलं रखडायला लागली. दोन महिने, कधी अडीच. इकडे मालेगावहून कापड येतं, तिथला व्यापारी ताई म्हणून गोड बोलतो, "बाजी, कपडा आज, पैसा भी आज," आणि गाठोडं टेम्पोतून उतरायच्या आधी पैसे मोजून घेतो. बायकांचा पगार सात तारखेला म्हणजे सातलाच. आणि तिकडे सोयरे स्वस्थ. मी मनाशी ठरवूनच टाकलं की मुलीची आई झाल्यावर आपली किंमत उतरली. आधी मी पुरवठादार होते, आता मुलीकडची. मुलीकडच्यांनी काय, थांबायचंच!

फोनवर मुलीला विचारायची, "अगं, तुझे सासरे माझे पैसे का अडकवतात?"

ती म्हणायची, "विचारते हं आई."

तीन वर्षं ती विचारत होती. मी चिडायचे, मग गप्प बसायचे. जास्त बोलावं तर लेक त्या घरात नांदते. उद्या जेवताना कुणी तिला टोमणा मारला तर? ह्या एका भीतीने माझ्यासारख्या तोंडाळ बाईचं तोंड शिवलं होतं. बाकी कुणाचे पैसे थकले असते तर मी त्यांच्या गेटवर सतरंजी टाकून बसले असते.

हे सगळं एकदा मी आमच्या सीएकडे ओकले. सीए म्हणजे गंगापूर रोडवर ऑफिस टाकलेली एक तरतरीत मुलगी आहे, मला काकू म्हणते. तिने माझं बिल हातात घेतलं, खालची बारीक ओळ वाचली आणि हसायला लागली. मुदतीत पैसे न आल्यास २४ टक्के व्याज आकारण्यात येईल, अशी ती ओळ होती. ती माझी नव्हेच. बिलबुकं छापणाऱ्याने टाकलेली. सातपूर, अंबड, सिन्नर, जिथे जाल तिथल्या बिलावर तीच ओळ असते आणि ते व्याज घेतल्याचं कुणी ऐकलेलं नसतं.

"काकू, चोवीस टक्के कशाचे? वर्षाचे की महिन्याचे?"

"मला काय माहीत? छापून आले."

"मुदत किती? कुठल्या तारखेपासून मोजायची? बिलाच्या, की माल पोचल्याच्या? निम्मे पैसे आले तर व्याज कशावर?"

मी म्हटलं, "बाई गं, तूच मालक हो त्या कारखान्याची, इतके प्रश्न त्यांनीही विचारले नाहीत."

"त्यांना गरजच नाही. ह्या ओळीवर तुम्ही काही मागू शकत नाही हे त्यांना कळतं. दुसरं म्हणजे, माल गेल्यावर बिलावर काहीतरी छापून पाठवलं तर समोरचा म्हणेल, मी कधी कबूल केलं? अट आधी सांगायची. कोटेशनवर टाका, त्यांची सही घ्या, मग तीच अट बिलावर छापा."

मग आम्ही दोघी ती अट लिहायला बसलो. बापरे, काय हसलो त्या दिवशी! मी म्हणायचे 'कृपया' टाक, ती खोडायची. मी म्हणायचे 'आपल्या सोयीने' टाक, शेवटी सोयरे आहेत, तर ती टेबलावर डोकंच ठेवायची. "काकू, सोयीने म्हटलं की मुदतच राहिली नाही. त्यांची सोय पुढच्या दिवाळीला झाली तर?" मी म्हटलं, "बरं, निदान 'सप्रेम' तरी?" तेही गेलं. शेवटी उरलं ते असं: माल आपल्या गेटवर पोचल्याच्या तारखेपासून तीस दिवसांत बिलाची पूर्ण रक्कम देय राहील. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते पैसे आमच्या खात्यात जमा होण्याच्या दिवसापर्यंत, त्या त्या दिवशी थकीत असलेल्या रकमेवर वार्षिक १८ टक्के दराने, वर्षाचे ३६५ दिवस धरून, सरळ व्याज आकारले जाईल. त्यावरील जीएसटी वेगळा.

वाचून माझ्या अंगावर काटा आला. इतकं स्पष्ट मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते, नवऱ्याशीसुद्धा नाही.

ती म्हणाली, "हे तर मऊच आहे. तुमची उद्यम नोंदणी आहे. लहान उद्योगाचं बिल थकलं तर कायद्यानेच बँक रेटच्या तिप्पट व्याज लागतं, तेही दर महिन्याला चक्रवाढ. आत्ता ते सव्वावीस टक्क्यांच्या घरात जातं."

"व्याह्यांना चक्रवाढ? नको गं बाई! साधंच राहू दे. लेक द्यायची आणि वर चक्रवाढ लावायची, लोक काय म्हणतील?"

जूनमध्ये नव्या एप्रनांचं कोटेशन ह्या अटीसकट गेलं. दोन दिवसांत सही-शिक्क्यासह परत आलं. वाचलं कुणी असेल असं मला वाटलं नाही. एक लाख शेहेचाळीस हजारांचं काम. बिल एक जुलैचं, पण टेम्पो बिघडला आणि माल त्यांच्या गेटवर चार तारखेला उतरला. गेटवरच्या माणसाने मालाच्या चलनावर चार जुलैचा शिक्का मारला. म्हणजे तीन ऑगस्टपर्यंत पैसे यायला हवे होते.

तीन ऑगस्ट गेला. पंधरा ऑगस्ट गेला. मी ऑगस्टभर धुसफुसत होते, पण व्याज लावायची छाती होत नव्हती. अट लिहिणं वेगळं आणि सोयऱ्यांकडून ती वसूल करणं वेगळं, नाही का?

मग आले गणपती. व्याह्यांकडे आरतीला गेलो. पंगत बसली, विहीणबाई आग्रह करकरून मोदकांवर तूप ओतताहेत, आणि व्याही शेजारच्या पाहुण्यांना सांगताहेत, "आपल्याकडे एक शिस्त आहे. कुणाचंही बिल महिन्याच्या वर थांबत नाही. गरीब पुरवठादाराचे पैसे अडकवणं मला पटत नाही."

माझ्या घशात मोदक अडकला. खरंच अडकला! ह्यांनी पाठीत धपाटा घातला, पाणी पाजलं. मुलगी वाढत होती, ती वरणाची पळी घेऊन तिथेच उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता आत निघून गेली. मला वाटलं, सासऱ्यांचं खोटं ऐकून बिचारीला लाज वाटली.

घरी येताना रिक्षात मी फुटाण्यासारखी उडत होते. "ऐकलंत? महिन्याच्या वर थांबत नाही म्हणे! लावणार. आता मी व्याज लावणारच!"

हे म्हणाले, "अगं, जरा दमाने. पोरीचं सासर आहे ते."

ते बोलले आणि माझा अर्धा जोर गेला. पण अर्धा उरला ना! बारा सप्टेंबरला त्र्याहत्तर हजार जमा झाले, बरोबर निम्मे. उरलेले निम्मे सात ऑक्टोबरला, नवरात्रात आले. मुद्दल मिळालं होतं. आता गप्प बसता आलं असतं. पण मी ह्यांना म्हटलं, "आकडा तर काढून बघू. आकडा काढायला काय जातं?"

आमचे हे नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झालेले. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि हिशेब माझ्या हातातून काढून घेतला. "अठरा टक्के म्हणजे महिना दीड टक्का. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, आणि ऑक्टोबर लागलाच आहे. चार महिने. सहा टक्के. आठ हजार सातशे साठ!"

"अहो, लुटायला निघालात का सोयऱ्यांना?" मला हसू आवरेना. "व्याज जुलैपासून कुठे? मुदत संपली तीन ऑगस्टला, सुरुवात चारपासून. आणि निम्मे पैसे मध्येच आले, त्यांच्यावरही व्याज घेणार का?"

मी काढलं. एक लाख शेहेचाळीस हजारांवर अठरा टक्के म्हणजे वर्षाचे सव्वीस हजार दोनशे ऐंशी. भागिले तीनशे पासष्ट. दिवसाला नेमके बहात्तर रुपये! पैसा इकडे नाही, तिकडे नाही. मी तर टाळीच वाजवली. चार ऑगस्ट ते बारा सप्टेंबर चाळीस दिवस, दोन हजार आठशे ऐंशी. मग रक्कम निम्मी, म्हणून व्याजही निम्मं, दिवसाला छत्तीस. तेरा सप्टेंबर ते सात ऑक्टोबर पंचवीस दिवस, नऊशे. एकूण तीन हजार सातशे ऐंशी. त्यावर कपड्यांचाच पाच टक्के जीएसटी, एकशे एकोणनव्वद. झाले तीन हजार नऊशे एकोणसत्तर.

"आठ हजारांवरून चारावर आलीस," हे हिरमुसून म्हणाले. "आणि ह्या चार हजारांसाठी तू सोयऱ्यांशी वाकडं घेणार?"

मी कॉम्प्युटरपाशी बसले. व्याज मागणारी डेबिट नोट टाइप केली, खाली अट जशीच्या तशी लिहिली, दिवसांचा तक्ता जोडला, सही केली. छान पांढऱ्या पाकिटात घातली. दसऱ्यानंतर ऑफिसच्या पत्त्यावर पाठवू, नाहीतर फाडून टाकू, असं ठरवून पर्समध्ये ठेवली.

दसऱ्याला संध्याकाळी सोनं द्यायला व्याह्यांच्या घरी गेलो. पर्समध्ये आपट्याची पानं, नातवंडाची अजून वाट बघत असलेल्या विहीणबाईंसाठी ओटीचं सामान, आणि ते पाकीट. मी पानांची जुडी बाहेर काढली तर पाकीटही बरोबर आलं आणि विहीणबाईंच्या हातात पडलं.

"अहो, हे कशाला?" त्या लाजल्या. त्यांना वाटलं आहेर! मी झडप घातली, "विहीणबाई, ते नको, ते दुसरं," तशा त्या पाकीट उंच धरून हसू लागल्या. "नाही हं, आता दिलंत ना? बघू तरी किती माया आहे ती!" आणि सगळ्यांदेखत उघडून मोठ्याने वाचायला लागल्या, "उशिरा मिळालेल्या रकमेवरील व्याज..."

ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. जावयाच्या हातातली पानं तशीच हातात राहिली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तीन वर्षं जपलं आणि सणाच्या दिवशी, त्यांच्याच दिवाणखान्यात, माझ्याच हाताने लेकीच्या संसारात बिब्बा घातला.

व्याह्यांनी कागद घेतला. चष्मा लावला. एकेक ओळ वाचली. मोबाइलवर आकडे मारले, पुन्हा मारले.

"दिवसाला बहात्तर. बरोबर," ते म्हणाले. "चाळीस दिवस बरोबर. पंचवीसही बरोबर. हे एकशे एकोणनव्वद कसले?"

माझा आवाज चिरका झाला. "व्याजावरचा जीएसटी."

"म्हणजे सोयऱ्यांच्या भांडणातही सरकारचा वाटा?" ते खदाखदा हसले. मला वाटलं संपलं, सुटलो. पण हसता हसता ते थांबले. "पण थांबा. आपल्याकडे तर बिल महिन्याच्या वर थांबत नाही. हे महिन्यावर पासष्ट दिवस थांबलं? कुणी थांबवलं?"

माझी मुलगी सासऱ्यांना म्हणाली, "मी, पप्पा."

मी तिच्याकडे बघतच राहिले.

"सगळ्यांची बिलं पैसे द्यायला मीच लावते ना," ती म्हणाली. ओढणीचं टोक तिने बोटाला गुंडाळलं होतं. "लग्न होऊन आले त्या पहिल्या महिन्यात आईचं बिल वेळेवर काढलं होतं. तर ऑफिसात कुणीतरी म्हणालं, सूनबाई आल्या, माहेरचं बिल पुढे आलं. मला इतकं लागलं ना पप्पा. मग मी आईचं बिल सगळ्यात खाली ठेवायला लागले. सगळ्यांचे देऊन झाले की मग आईचे. गणपतीत तुम्ही बोललात, तेव्हा मला राहवेना, म्हणून निम्मे सोडले."

तीन वर्षं मी हिलाच विचारत होते, तुझे सासरे पैसे का अडकवतात. आणि ही म्हणत होती, विचारते हं आई. मी ज्यांना फोनवर लाखोली वाहत होते ते सासरे बिचारे समोर तोंड उघडं टाकून उभे होते. त्यांना पत्ताच नव्हता. आणि माझी पोर माझे सगळे शब्द एकटी गिळत होती. मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी पदराखाली घ्यावीशी वाटली.

व्याह्यांनी चष्मा काढला. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "वेडे, कोण बोललं ते नाव सांगू नकोस. पण माझ्या कारखान्यात माझीच शिस्त मोडून तू माझे चार हजार घालवलेस, त्याचं काय?"

"माझ्या पगारातून कापा," ती म्हणाली, आणि रडता रडता तिला हसू फुटलं. ती हसली तशा विहीणबाई हसल्या, मग मी, मग आमचे हे भिंतीकडून वळले आणि विचारू लागले, "काय झालं? काय झालं?" त्यावर तर जावई सोफ्यावरच कोसळला. कितीतरी वेळ कुणाला नीट बोलता येईना. एक हसायचं थांबलं की दुसरं 'बहात्तर' म्हणायचं आणि पुन्हा सगळे सुरू.

मी म्हटलं, "दादा, फाडा तो कागद. चूक माझ्या मुलीची, मी व्याज सोडलं."

"अजिबात नाही," व्याही म्हणाले. "अट वाचून सही केली आहे मी. चांगली लिहिली आहे. सोमवारी पैसे येतील." म्हणजे वाचलं होतं की त्यांनी!

नंतर स्वयंपाकघरात मी आणि मुलगी दोघीच होतो. मी तिचे डोळे पुसले आणि दरडावलं, "मला सांगायला काय झालं होतं गं?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, राहू दे बाळा, मी थांबते. मग तू कायमचीच थांबली असतीस," ती म्हणाली. "आई, तुझं कोटेशन आलं ना जूनमध्ये, ते मीच पप्पांपुढे ठेवलं सहीला. ती अट वाचून मला इतकं बरं वाटलं होतं. म्हटलं, आता आईचं बिल थांबवलं तर कंपनीचं नुकसान. आता ते वर ठेवायला मला कारण आहे. पण तरी धीर होईना. तू खरंच व्याज लावतेस की नाही, ह्याची वाट बघत होते."

मी ती अट सोयऱ्यांपासून स्वतःला वाचवायला लिहिली होती. ती आधारासाठी धरून बसली होती माझी लेक, आणि मी ऑगस्टभर छाती होत नाही म्हणून धुसफुसत बसले होते. तिचा हात हातात घेऊन मी तिथेच ओट्याला टेकले. बाहेरून हाका येत होत्या, जिलब्या गार होताहेत म्हणून.

सोमवारी तीन हजार नऊशे एकोणसत्तर जमा झाले. त्या पैशांचे मी गाळ्यावरच्या सातही बायकांना पेढे वाटले आणि उरले त्यात शिलाईच्या मशिनीवरचा नवा दिवा आणला. व्याज मिळालं म्हणून पेढे वाटणारा मालक त्यांनीही पहिल्यांदाच पाहिला.

पुढचा माल दिवाळीनंतर गेला. मुदत संपायला दोन दिवस होते आणि मोबाइल वाजला. पूर्ण रक्कम जमा. मशिनींचा खडखडाट चालू असतानाच मी मुलीला फोन लावला. मला आनंदाने काही सुचेना, म्हणून उगाच खोडी काढली, "काय गं, इतकी कसली घाई? अजून दोन दिवस होते की."

तिकडून ती ऐटीत म्हणाली, "मी ह्या कंपनीची सून आहे, आई. तुला फुकट व्याज कशाला देऊ?"

मी हसले. इतक्या जोरात हसले की सातही मशिनी थांबल्या आणि बायका माझ्याकडे बघायला लागल्या. फोन ठेवून मी डोळे पुसले, आणि त्यांना म्हटलं, "काही नाही गं. चला, शिवा. माझं बिल वर आलं."